प्रेक्षक कोणत्या सेकंदाला गेला?

आठ मिनिटं वीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. यूट्यूबचा हिशेब म्हणतो, लोकांनी तो सरासरी ३ मिनिटं ७ सेकंद पाहिला. हा आकडा हाती आला की व्हिडिओ करणारा साहजिकच ३:०७ वर जातो आणि तिथे काय बिघडलं ते शोधू लागतो. तिथे काहीच बिघडलेलं नसतं. ज्यांना कंटाळा यायचा होता ते कधीच गेलेले असतात आणि जे ३:०७ ला हजर असतात ते पुढचं मिनिटभर तरी हलणार नसतात. पहिल्या वीस सेकंदांत पळालेला आणि शेवटपर्यंत बसलेला, अशा सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की मधलाच कुठलातरी क्षण निघतो. त्या क्षणी उठून गेलेलं माणूस शोधूनही सापडत नाही.

लोक खरोखर कुठे उठले, हे सांगणारी गोष्ट वेगळी आहे. यूट्यूब स्टुडिओत आपला व्हिडिओ उघडून `Analytics` मध्ये गेलं की `Key moments for audience retention` या नावाखाली एक रेघ दिसते. डावीकडे शंभराच्या आसपास सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारी ही रेघ म्हणजे रिटेन्शनचा आलेख. २०१२ साली यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून व्हिडिओ करणाऱ्यांचं या रेघेवर लक्ष असतं. पण बहुतेक जण ती ‘वर आहे की खाली’ एवढीच पाहतात. ती कुठे, किती आणि कशी उतरली, हे वाचणारे थोडे.

रेघ नेमकं काय मोजते

आडव्या बाजूला व्हिडिओची वेळ असते आणि उभ्या बाजूला टक्केवारी. एखाद्या क्षणाची टक्केवारी म्हणजे तो क्षण जितक्या वेळा पाहिला गेला, ती संख्या भागिले व्हिडिओचे एकूण व्ह्यूज. इथे माणसं मोजलेली नाहीत, तो तुकडा किती वेळा चालला हे मोजलेलं आहे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. कुणी एक भाग मागे घेऊन दोनदा पाहिला तर तो दोनदा मोजला जातो, म्हणून रेघ मध्येच वर चढू शकते, क्वचित शंभराच्याही वर जाते. कुणी एक भाग ओलांडून पुढे गेला तर तेवढ्यापुरता तो गैरहजर धरला जातो आणि पुढे पुन्हा हजर होतो.

यातून रेघेचे चार आकार तयार होतात. सपाट भाग म्हणजे लोक शांतपणे पाहत आहेत. हळूहळू उतरणारा भाग म्हणजे एकेक जण गळतो आहे. हे प्रत्येक व्हिडिओत होतं आणि त्याला एखादा ठरावीक क्षण जबाबदार नसतो. तिसरा आकार उंचवट्याचा, लोकांनी तो भाग पुन्हा पाहिल्याचा. आणि चौथा आकार घसरणीचा. हा चौथा आकारच नीट तपासायला हवा, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच तोंडवळ्याने येतात.

रेघ खाली गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा वर आली, तर ती दरी. लोकांनी तो भाग ओलांडला, पण व्हिडिओ सोडला नाही. रेघ खाली गेली आणि तिथेच राहिली, तर ती पायरी. लोक गेले ते गेलेच. दरी सांगते की हा भाग नको होता, पण पुढचा हवा आहे. पायरी सांगते की आता पुढचंही नको. दोन्हींवरचा उपाय निराळा आहे, म्हणून घसरण दिसताच कात्री हातात घेण्याआधी ती पुढे भरून निघाली का, ते पाहावं.

एक व्हिडिओ, चार जागा

हे सगळं एका उदाहरणावर ताडून पाहू. समजा, सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, हे दाखवणारा मराठी व्हिडिओ आहे. लांबी ८:२०, म्हणजे ५०० सेकंद. व्ह्यूज ४,०००. आकडे समजावण्यासाठी बेतले आहेत, पण अशा ‘कसं करायचं’ छापाच्या व्हिडिओंच्या रेघा साधारण याच वळणाच्या असतात.

व्हिडिओचा क्रम असा. पहिले २२ सेकंद फिरता लोगो, संगीत आणि ‘नमस्कार मित्रांनो’. मग ०:३० पासून १:३० पर्यंत सातबारा म्हणजे काय, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा म्हणजे काय, ही माहिती. १:३० ला महाभूमीचं भूलेख संकेतस्थळ उघडतं. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून झालं की ३:२० च्या सुमाराला गट नंबर येतो. मग मोबाईल नंबर आणि कॅप्चा. ४:२० ला सातबारा पडद्यावर दिसतो. त्यानंतर चॅनेलवरच्या बाकीच्या व्हिडिओंबद्दल थोडं बोलणं, मग १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा कसा घ्यायचा ते, आणि ७:४० पासून आभार.

आता रेघ. ०:३० ला ती ५८ टक्क्यांवर आहे. एक मिनिटाला ४१ वर जाते, पण १:३० ला पुन्हा ५० वर येते. तिथून ३:२० पर्यंत ती जवळजवळ सपाट, ५० ची ४६ होते. ३:२० ला उंचवटा. ४:२० ला ४३. आणि मग ४:३० ते ४:४५ या पंधरा सेकंदांत ती धाडकन २७ वर येते, ती पुन्हा चढत नाही. ७:४० ला २१, आणि शेवटी ९.

पाहण्यासारख्या जागा चारच आहेत: सुरुवातीचा अर्धा मिनिट, एक मिनिटाची दरी, ३:२० चा उंचवटा आणि ४:३० ची पायरी. सरासरीतून निघालेली ३:०७ ही वेळ या चारांपैकी कुठेच नाही. ती व्हिडिओच्या सर्वांत शांत भागात पडते.

पहिला अर्धा मिनिट

स्टुडिओ ०:३० चा आकडा मुद्दाम वेगळा काढून दाखवतो, कारण सर्वांत मोठी गळती तिथेच असते. आपल्या उदाहरणात शंभरातले बेचाळीस तिथे गेले. यातले काही कुणालाच थांबवता येणार नव्हते: चुकून बोट लागलेले, दुसऱ्याच राज्याचा जमिनीचा उतारा शोधणारे. म्हणून या आकड्याकडे एकट्याने पाहून उपयोग नाही. स्टुडिओ त्याच चॅनेलच्या साधारण तेवढ्याच लांबीच्या अलीकडच्या व्हिडिओंशी तुलना करून नेहमीचा पट्टा दाखवतो. त्या पट्ट्याच्या आत असाल तर ही तुमची नेहमीची सुरुवात आहे. खाली असाल तर या व्हिडिओच्या सुरुवातीत वेगळं काहीतरी घडलं आहे.

काय घडलं, हे ओळखायला प्रेक्षक वेगळे करून पाहावे लागतात. स्टुडिओत नवे आणि परत येणारे प्रेक्षक, सबस्क्रायबर आणि बाकीचे, अशा निरनिराळ्या रेघा काढता येतात. दोन्ही रेघा सारख्याच कोसळत असतील तर दोष सुरुवातीच्या मजकुरात आहे. लोगो ओळखीच्यांनाही नको आहे, अनोळख्यांनाही. परत येणारे टिकतात आणि नवेच पळतात, असं दिसलं तर शंका थंबनेल आणि टायटलवर घ्यायची. थंबनेलवर ‘घरबसल्या २ मिनिटांत सातबारा’ असं लिहिलं आहे आणि उघडल्यावर खाली वेळ दिसते ८:२०, समोर लोगो फिरतो आहे. नवा माणूस तिथेच ठरवतो की आपण चुकीच्या जागी आलो. जुन्याला मात्र माहीत असतं की हा पुढे नीट सांगतो.

याला जोड म्हणून प्रेक्षक आला कुठून, ते पाहावं. शोधून आलेल्यांनी सरासरी किती वेळ पाहिलं आणि होम पेजवरून आलेल्यांनी किती, हे आकडे स्टुडिओत वेगवेगळे मिळतात. शोधणाऱ्याला काम आहे, तो लोगो सहन करतो. होम पेजवरचा माणूस सहज डोकावलेला असतो. म्हणूनच एखादा व्हिडिओ काही आठवड्यांनी अचानक होम पेजवर दिसू लागला की त्याची रेघ खाली बसते. व्हिडिओ तोच असतो, प्रेक्षक बदललेले असतात. तारखा निवडून पहिला आठवडा आणि नंतरचा काळ वेगवेगळा पाहिला की हे लगेच कळतं. व्हिडिओची पैसे देऊन जाहिरात केली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. पाच सेकंदांनी जाहिरात वगळण्याचं बटण येतं आणि रेघ तिथेच तुटते. ते प्रेक्षक बाजूला काढल्याशिवाय सुरुवातीबद्दल काहीही ठरवू नये.

दरीचं गणित

एक मिनिटाच्या आसपास रेघ ५८ वरून ४१ वर गेली. घाबरायला पुरेसा आकडा. पण ती पुढे ५० वर परत आली, म्हणजे मधल्या काळात निदान नऊ टक्के व्ह्यूजमध्ये प्रेक्षक गाव नमुन्यांची माहिती ओलांडून थेट संकेतस्थळावर पोचले. चार हजारांचे नऊ टक्के म्हणजे ३६०. खरी गळती ५८ ते ५० एवढीच, म्हणजे आठ टक्क्यांची, ३२० ची. आलेखावर सतरा टक्क्यांची वाटणारी घसरण निम्म्याहून जास्त परत भरून निघाली.

या ३६० लोकांनी व्हिडिओ करणाऱ्याला फुकट सल्ला दिला आहे. सातबारा म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे. तो काढता येत नाही, ही त्यांची अडचण आहे. मग ती माहिती वाईट आहे का? नाही. ती जागा चुकून बसली आहे. गट नंबर कुठून मिळेल, असा प्रश्न पडतो तिथे नमुना सातचा एक उल्लेख पुरे.

दरीच्या कडा वाचताना एक खाचखळगा आहे. मोबाईलवर पडद्याच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की यूट्यूब सहसा दहा सेकंद पुढे जातं. लोक दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारत जातात, नेमक्या जागी कुणीच उतरत नाही. त्यामुळे दरीची उजवी कड तिरकी असते. नकोसा भाग १:३० ला संपतो, पण रेघ १:१५ पासूनच चढू लागते. कड जिथे चढायला लागते तिथून भाग ‘आवडू लागला’ असा अर्थ काढू नये.

उंचवटा म्हणजे कौतुक नव्हे

३:२० चा उंचवटा पाहून बरेच जण खूश होतात. लोकांनी परत परत पाहिलं! गाण्याच्या किंवा विनोदाच्या व्हिडिओत तो आनंद खरा असतो. २०२२ पासून यूट्यूब बऱ्याच व्हिडिओंच्या वेळेच्या पट्टीवर सर्वाधिक पुन्हा पाहिलेल्या भागाचा टेकाडासारखा करडा आकार सगळ्यांनाच दाखवतं. लोक नाचाच्या त्या ओळीवर किंवा क्रिकेटच्या त्या चेंडूवर परत येतात. मात्र त्या टेकाडावरून लोक कुठे सोडून गेले, हे कळत नाही. ते चॅनेलच्या मालकालाच त्याच्या आलेखात दिसतं.

सातबाऱ्याच्या व्हिडिओत मात्र कुणी मौजेने मागे जात नाही. काहीतरी निसटलं म्हणून जातो. डाव्या बाजूला टिचकी मारली की दहा सेकंद मागे. म्हणजे गोंधळाची जागा उंचवट्याच्या शिखरावर नसून त्याच्या उजव्या पायथ्याशी असते: माणूस तिथपर्यंत आला, अडला आणि मागे गेला. आपल्या व्हिडिओत शिखर ३:२० ला आहे, पण पाहायला हवं ३:३० ला. तिथे काय होतं? गट नंबरचा पहिला आकडा टाकून ‘शोधा’ दाबायचं आणि मग खाली उघडणाऱ्या यादीतून आपला पूर्ण गट नंबर निवडायचा. व्हिडिओ करणारा हे काम दोन सेकंदांत उरकतो, कर्सर पडद्याच्या कोपऱ्यात पळतो, आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर ती यादी दिसतच नाही. इथे कात्री लावून चालणार नाही, वेळ वाढवावा लागेल. यादीचा भाग मोठा करून दाखवायचा आणि ‘आता खालच्या यादीतून निवडा’ हे शब्द तोंडाने म्हणायचे. रेघ वाचून व्हिडिओचा एखादा भाग लांबवावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण काम शिकवणाऱ्या व्हिडिओंत हे वारंवार घडतं.

पायरी आणि तिच्या आधीचे शब्द

आता चौथी जागा. ४:३० ते ४:४५, त्रेचाळीसवरून सत्तावीस. सोळा टक्के, म्हणजे ६४० व्ह्यूज. पण पायरीची खरी उंची एकूण व्ह्यूजशी नव्हे, त्या क्षणी हजर असलेल्यांशी ताडून मोजावी. त्रेचाळीसमधले सोळा, म्हणजे हजर असलेल्यांतले सदतीस टक्के एका दमात गेले. या रीतीने पाहिलं की शेवटाकडच्या लहान दिसणाऱ्या पायऱ्याही कळतात. वीसवरून चौदावर आलेली रेघ डोळ्यांना किरकोळ वाटते, पण तिथे हजर असलेल्यांपैकी दर दहांतले तीन गेलेले असतात.

आणि सेकंद कोणता? इथे आलेखाची एक मर्यादा सांगायला हवी. प्रोग्रामरांना यूट्यूब हीच माहिती देतं तेव्हा व्हिडिओचे सारखे शंभर भाग करतं आणि प्रत्येक भागाचा एक आकडा देतं. ५०० सेकंदांच्या व्हिडिओत एक भाग पाच सेकंदांचा होतो. अर्ध्या तासाच्या व्हिडिओत तो अठरा सेकंदांचा. त्यामुळे ‘लोक ४:३१ ला गेले’ हे वाक्य आलेखाच्या ताकदीबाहेरचं आहे. त्यात माणसाचा वेळही धरावा लागतो. कंटाळा आल्यापासून अंगठा पडद्यावर जाईपर्यंत काही सेकंद जातातच. म्हणून घसरण सुरू झाली ती जागा पकडायची, तिथून पंधरा सेकंद मागे जायचं आणि तिथून व्हिडिओ मोबाईलवर, आवाजासह पाहायचा. एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: काय बोललं गेलं, पडद्यावर काय होतं, आणि प्रेक्षकाचं कोणतं कुतूहल अजून शिल्लक होतं.

आपल्या व्हिडिओत ४:१५ पासून पाहिलं तर ४:२० ला सातबारा दिसतो. ४:२४ ला व्हिडिओ करणारा म्हणतो, ‘तर मित्रांनो, अशा प्रकारे आपण आपला सातबारा काढू शकतो.’ ४:३० ला बोलणं चॅनेलच्या दुसऱ्या व्हिडिओंकडे वळतं. तिसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नाही. प्रश्न सुटला, वाक्य समारोपाचं आलं, आवाजही खाली आला. प्रेक्षकाने निरोप ऐकला आणि तो उठला. त्याचं काही चुकलं नाही.

पण त्याला एक गोष्ट कळलीच नाही. भूलेख संकेतस्थळावरची ही मोफत प्रत फक्त माहितीसाठी असते. सरकारी किंवा कायदेशीर कामाला ती चालत नाही. बँकेत किंवा तहसील कार्यालयात ती घेऊन गेला तर त्याला परत यावं लागेल. डिजिटल सहीची प्रत कशी घ्यायची हे व्हिडिओत आहे, पण ५:२० नंतर, आणि ते आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. म्हणजे इथली चूक ४:३० ची नाहीच, ती पहिल्या अर्ध्या मिनिटातली आहे. तिथे लोगोच्या जागी एक वाक्य हवं होतं: सातबारा दोन प्रकारचा मिळतो, एक मोफत पण फक्त बघायला, दुसरा पंधरा रुपयांचा पण कामाला चालणारा, दोन्ही दाखवतो. हे वाक्य ऐकलेल्या माणसाला ४:२० ला सातबारा दिसला तरी अर्धंच काम झाल्याची जाणीव असते.

हे अनेक पायऱ्यांबाबत खरं असतं. लोक जिथे उठतात तिथला मजकूर सुधारून फारसं हाती लागत नाही. आधी काय सांगायचं राहिलं, ते शोधावं लागतं.

प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचं काय करायचं

जुना व्हिडिओ अगदीच हाताबाहेर गेलेला नसतो. स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवातीचा, मधला किंवा शेवटचा भाग कापता येतो. पत्ता तोच राहतो, व्ह्यूज आणि कॉमेंटही राहतात. मात्र नवा भाग घालता येत नाही, आणि व्हिडिओला एक लाखाहून अधिक व्ह्यूज असतील व चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल तर कापण्यावर बंधन येतं. आपल्या उदाहरणात लोगो, ४:२४ चं समारोपाचं वाक्य, त्यामागचं स्वतःच्या व्हिडिओंचं कौतुक आणि शेवटचे चाळीस सेकंद निमूट कापता येतील. यादी मोठी करून दाखवणं आणि सुरुवातीचं ते वाक्य मात्र नव्या व्हिडिओतच शक्य आहे. तोपर्यंत डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर घालता येतात. पहिला चॅप्टर 0:00 ला हवा, निदान तीन हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. कापलेल्या व्हिडिओत ते साधारण असे दिसतील:

```
0:00 सातबारा म्हणजे काय
1:08 गाव आणि गट नंबर
3:48 मोफत प्रत (फक्त माहितीसाठी)
4:05 सहीची प्रत, 15 रुपये
```

चॅप्टर घातल्यावर दऱ्या खोल होतात, कारण उडी मारणं सोपं होतं. ते पाहून चॅप्टर काढून टाकू नयेत. निघून जाणारा माणूस उडी मारू लागला, तर तो फायदा आहे. दरीच्या पलीकडे रेघ पूर्वीपेक्षा वर आली का, एवढंच पाहायचं.

बदल लागू झाला की नाही हे तपासताना तारीख बदलानंतरची निवडावी आणि आलेखाची माहिती यायला एक-दोन दिवस लागतात हे ध्यानात ठेवावं. शंभरएक व्ह्यूजवर काही ठरवू नये. तिथे एकेका माणसाने रेघ टक्क्याने हलते आणि घरच्या मंडळींनी पाहिलेले दहा व्ह्यूज उंचवटा काढू शकतात. आणखी एक सापळा टक्केवारीचा. आठ मिनिटं वीस सेकंदांच्या व्हिडिओवर ३:०७ म्हणजे ३७ टक्के. तोच वेळ पाच मिनिटांच्या व्हिडिओवर ६२ टक्के दिसतो. व्हिडिओ आखूड केला की टक्के आपोआप फुगतात, म्हणून मिनिटं आणि टक्के दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. आणि उत्तरार्धातली सपाट रेघ पाहून तो भाग उत्तम झाला असं समजू नये. तिथवर पोचलेले लोक मुळातच चिकाटीचे असतात, ते बहुतेक काहीही पाहतील.

रेघ वर ठेवण्याचा मोह

आलेख वाचता येऊ लागला की एक सोपी युक्ती सुचते: उत्तर उशिरा द्या. सातबारा ४:२० ऐवजी सातव्या मिनिटाला दाखवा, तोवर ‘शेवटपर्यंत बघा, मध्ये स्किप करू नका’ असं म्हणत राहा. काही व्हिडिओंत याने सरासरी वेळ वाढतोही. पण रेघेत त्याची खूण राहते. ‘शेवटपर्यंत बघा’ या शब्दांनंतर बऱ्याचदा एक दरी पडते, कारण ज्यांना घाई आहे ते तिथूनच उड्या मारायला लागतात. आणि एक गोष्ट या आलेखात कुठेच उमटत नाही: गेलेला माणूस काम झालं म्हणून गेला की वैतागून गेला. ४:३० ची पायरी दोघांचीही सारखीच दिसते.

हा फरक कळायला आलेखाबाहेर पाहावं लागतं. स्टुडिओत परत येणाऱ्या प्रेक्षकांचा आकडा असतो, कॉमेंट असतात. पुढच्या महिन्यात फेरफाराचा उतारा किंवा आठ-अ कसा काढायचा हे दाखवणारा व्हिडिओ आला आणि तो पाहायला हीच माणसं परत आली, तर ४:३० ला उठलेले लोक समाधानाने गेले होते असं धरायला हरकत नाही. ‘ही प्रत बँकेत चालली नाही’ अशा कॉमेंट येत राहिल्या, तर ती पायरी दुरुस्त करायलाच हवी, मग सरासरी ३:०७ च राहिली तरी.

सातबाऱ्याचा नवा व्हिडिओ करायचा झाला, तर तो साडेपाच मिनिटांचा होईल. पहिल्या दहा सेकंदांत दोन्ही प्रकारांचा उल्लेख, पंधराव्या सेकंदाला संकेतस्थळ, गट नंबरच्या यादीसाठी चांगली वीस सेकंदं, मोफत प्रत दिसल्यावर लगेच, आवाज खाली न आणता, ‘ही बँकेत चालत नाही, आता चालणारी काढू’. आभार नाहीत, पैसे भरून सहीची प्रत डाउनलोड झाली की व्हिडिओ संपला. त्याचा आलेख आला की सर्वांत आधी मोफत प्रत दिसल्यानंतरचे पंधरा सेकंद पाहायचे. तिथे हजर असलेल्यांतले सदतीस टक्क्यांऐवजी वीस टक्के गेले, तर सुरुवातीच्या वाक्याने आपलं काम केलं. तरीही सदतीसच गेले, तर या लोकांना खरोखर मोफत प्रतच हवी होती असं समजायचं, आणि सहीच्या प्रतीचा वेगळा व्हिडिओ करायचा.